सोनं घे की सोनं घ्या?

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन घरोघर जाताना आपण एकच वाक्य म्हणतो: सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. निदान एकच म्हणतो असं वाटतं. प्रत्यक्षात दार बदललं की वाक्यही बदलतं. शेजारच्या आजोबांच्या हातात पान ठेवून, वाकून ‘सोनं घ्या’ म्हणणारा मुलगा जिना उतरून मित्राच्या घरी जातो तेव्हा ‘सोनं घे रे’ म्हणतो. आजोबा त्याच मुलाला ‘सोन्यासारखा राहा’ म्हणतात, त्याच्या बहिणीला ‘सोन्यासारखी राहा’. हे बदल करताना कुणी व्याकरण आठवत नाही, ते आपसूक होतात.

लिहायची वेळ आली की मात्र अडखळायला होतं. काकांच्या वाढदिवसाला, शाळेतल्या बाईंना, साहेबांना, मैत्रिणीच्या सासूबाईंना चार ओळी पाठवायच्या असतात, म्हणून आपण आलेला एखादा छान मजकूर उचलतो आणि पुढे पाठवतो. त्यात पहिल्या ओळीत ‘आपणास’ असतं, दुसरीत ‘तुझ्या सर्व इच्छा’ आणि तिसरीत ‘तुम्ही असेच हसत राहा’. एकाच माणसाला तीन ओळींत तीन अंतरांवर उभं केलेलं असतं. मराठीत आदर नेमका कुठल्या शब्दांत राहतो आणि कुठल्या शब्दांचा त्याच्याशी संबंध नसतो, हे एकदा लक्षात आलं की ही अडचण बरीच सुटते. म्हणून आधी तेच पाहू.

मराठीत समोरच्यासाठी तीन सर्वनामं आहेत: तू, तुम्ही आणि आपण. ‘तुम्ही’ मुळात अनेकवचन, पण एकाच माणसाला मान द्यायचा असेल तरी आपण तेच वापरतो. व्याकरणात याला आदरार्थी बहुवचन म्हणतात. सर्वनाम बदललं की क्रियापदाचं शेपूटही बदलतं. तू आलास, तुम्ही आलात. तू आहेस, तुम्ही आहात. तू येशील, तुम्ही याल. ‘फोन केलास, बरं वाटलं’ आणि ‘फोन केलात, बरं वाटलं’ या दोन वाक्यांत सर्वनाम कुठेच नाही, तरी शेवटच्या ‘स’ आणि ‘त’वरून नातं कळतं. ‘तुम्ही कसे आहेत’ असं हल्ली ऐकू येतं. तिथे ‘तुम्ही’ने दिलेला मान ‘आहेत’ने अर्धवट सोडला जातो, कारण ‘आहेत’ हे तिसऱ्या कुणाविषयी बोलताना वापरायचं रूप आहे. समोरच्या माणसाला ‘आहात’च हवं.

शुभेच्छांमध्ये मात्र भूतकाळ किंवा भविष्यकाळ फारसा येत नाही. तिथे येतात दोन प्रकारची क्रियापदं, आणि या दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पहिला प्रकार सांगण्याचा: घे, बोल, हो, ये, हस. इथे आदर उघड दिसतो. घे-घ्या, बोल-बोला, हो-व्हा, ये-या, हस-हसा. संक्रांतीला लहान भावाला ‘तिळगूळ घे, गोड बोल’ आणि काकूंना ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’. पण यातली काही क्रियापदं तू आणि तुम्ही दोघांनाही एकच रूप देतात. ‘तू जा’ आणि ‘तुम्ही जा’, ‘तू खा’ आणि ‘तुम्ही खा’, ‘तू राहा’ आणि ‘तुम्ही राहा’. बोलताना आणि लिहिताना काही जण ‘रहा’ म्हणतात, पण तेही दोघांना सारखंच. म्हणजे दसऱ्याच्या त्या वाक्यात ‘घ्या’ला माणूस पाहून बदलावं लागतं, ‘राहा’ मात्र आजोबांना आणि नातवाला तसंच्या तसं चालतं. ‘सुखी राहा’ हा आशीर्वाद घरोघरी इतका रुळला, त्यात या सोयीचाही वाटा असावा असं मला वाटतं.

दुसरा प्रकार इच्छेचा: लाभो, मिळो, होवो, राहो, नांदो. शुभेच्छांचा खरा भार हीच क्रियापदं उचलतात. ‘तुला उदंड आयुष्य लाभो’ या वाक्यात ‘लाभो’ कुणाकडे पाहतं? ‘तुला’कडे नाही, ‘आयुष्य’कडे. जी गोष्ट लाभायची तिच्याप्रमाणे क्रियापद चालतं, ज्याला लाभायची त्याच्याप्रमाणे नाही. म्हणून ‘तुम्हाला उदंड आयुष्य लाभो’ आणि ‘आपणास उदंड आयुष्य लाभो’ यांत ‘लाभो’ला हात लावावा लागत नाही. इथे फक्त सर्वनाम बदललं की काम झालं.

ही गोष्ट न कळल्यामुळे दोन उलटसुलट चुका होतात. ‘तुमच्या सर्व इच्छा पूर्ण होवो’ ही पहिली. इच्छा अनेक आहेत, म्हणून ‘होवोत’ हवं, मग ती शुभेच्छा मित्राला द्या किंवा मुख्याध्यापकांना. दुसरी चूक ‘होवोत’ला आदराचं रूप समजण्याची. साहेबांना लिहायचं म्हणून कुणी ‘आपणास यश मिळोत’ लिहितं, पण यश एकच आहे आणि साहेब कितीही मोठे असले तरी ते ‘मिळो’च राहणार. इथला ‘त’ गोष्टी किती ते सांगतो, माणूस कोण ते सांगत नाही. ‘देव तुम्हाला सुखी ठेवो’ या वाक्यात करणारा देव आहे, आणि देवाशी तर आपण एकेरीतच बोलतो. त्यामुळे ‘ठेवो’ही एकवचनीच.

आदराबरोबर स्त्री-पुरुष हा भेदही येतो, आणि पुढे ढकललेल्या मजकुरांत तो हमखास चुकतो. मित्राला ‘असाच हसत राहा’, मैत्रिणीला ‘अशीच हसत राहा’ हे सगळ्यांना ठाऊक असतं. काकांना ‘असेच हसत राहा’ हेही जमतं. पण काकूंना? ‘तुम्ही असेच’ नाही, ‘तुम्ही अशाच हसत राहा’. आदरार्थी बहुवचन झालं म्हणून बाईमाणसाचं लिंग पुसलं जात नाही. ‘सर आले’ पण ‘बाई आल्या’, ‘तुम्ही कसे आहात’ पण ‘तुम्ही कशा आहात’. एखाद्या निवृत्त शिक्षिकेला ‘आपण असेच आमचे मार्गदर्शक राहा’ असं लिहून येतं तेव्हा तो मजकूर मुळात कुणा सरांसाठी लिहिला होता, हे लगेच कळतं. काका-काकू दोघांना मिळून लिहायचं असेल तर मात्र ‘असेच’ बरोबर.

इथपर्यंत झालं रूपांचं. त्याआधीचा प्रश्न असा की कुणाला तू आणि कुणाला तुम्ही, आणि त्याचं उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात नसतं. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिल्मन या अभ्यासकांनी १९६० मध्ये युरोपातल्या भाषांतल्या तू-तुम्हीवर एक निबंध लिहिला. तो या विषयात आजही वाचला जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ही निवड दोन गोष्टींवर ठरते, अधिकार आणि जवळीक. अधिकाराने मोठा माणूस खालच्याला ‘तू’ म्हणतो आणि त्याच्याकडून ‘तुम्ही’ घेतो. जवळीक असली की दोघंही एकमेकांना ‘तू’ म्हणतात.

आपल्या घरात या दोन दोऱ्या रोज एकमेकींत गुंततात. कितीतरी मराठी घरांत आई ‘तू’ आणि वडील ‘तुम्ही’ अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वयाने, मानाने दोघंही मुलापेक्षा मोठे, पण आईच्या बाबतीत जवळीक जिंकली आणि वडिलांच्या बाबतीत अधिकार. आजी ‘तू’ आणि आजोबा ‘तुम्ही’, मावशी ‘तू’ आणि काका ‘तुम्ही’ हेही त्याच वळणाचं. आता अनेक घरांत बाबाही ‘तू’ झाला आहे, आणि काही घरांत तो आधीपासूनच होता. म्हणून ‘आईला तुम्ही म्हणायला हवं’ असा नियम कुणी सांगितला तर तो ऐकू नये. ज्या आईला वर्षभर ‘अगं आई’ म्हणता तिला वाढदिवसाच्या दिवशी ‘आपणास हार्दिक शुभेच्छा’ लिहिलं तर ती परकी होते. घरात जी हाक आहे तीच शुभेच्छेत असावी.

मोठ्या भावंडांच्या बाबतीत मराठीने फार सुंदर तोड काढली आहे. ‘दादा, तुला’ आणि ‘ताई, तू’. सर्वनाम जवळचं, पण नावाऐवजी नात्याची हाक. आदर हाकेत ठेवला आणि जवळीक सर्वनामात. भाऊबीजेला धाकटी बहीण मोठ्या भावाला ओवाळते तेव्हा ‘दादा, तुला उदंड आयुष्य लाभो’ म्हणते, आणि त्यात काहीच उणं राहत नाही. तीच शुभेच्छा नुसतं नाव घेऊन दिली तर अनेक घरांत भुवया उंचावतील. म्हणजे ‘तू’ वापरूनही आदर देता येतो, फक्त तो वाक्यात दुसरीकडे कुठेतरी असावा लागतो.

उलट काही नाती वयाला जुमानत नाहीत. जावई सासूपेक्षा एका पिढीने लहान, तरी ‘जावईबापू, तुम्ही’. दिवाळसणाला जावई पाया पडतो तेव्हा जुन्या वळणाच्या सासूबाई ‘औक्षवंत व्हा’ म्हणतात. मुलगी पाया पडली की ‘औक्षवंत हो’. आशीर्वाद एकच आणि देणारीही एकच, पण ‘हो’ आणि ‘व्हा’ यांत लेक आणि जावई वेगळे झाले. वहिनीचंही तसंच. वयाने दिरापेक्षा लहान असली तरी मोठ्या भावाची बायको म्हणून जुन्या घरांत तिला ‘तुम्ही’ मिळायचं. कार्यालयात वयाने लहान असलेल्या वरिष्ठांनाही ‘तुम्ही’च म्हणतात, आणि तसं म्हणणं योग्यच आहे.

आता ‘आपण’. हे सर्वनाम सगळ्यात मानाचं, पण त्याला दोन अर्थ आहेत. एक ‘मी आणि तू मिळून’ आणि दुसरा ‘तुम्ही’ला आदराने. क्रियापद सोबत असेल तर घोटाळा होत नाही: ‘आपण जाऊ’ म्हणजे आपण सगळे, ‘आपण याल’ म्हणजे तुम्ही. पण शुभेच्छांत ‘आपल्या घरात सुख नांदो’ असं लिहिलं की कुणाच्या घरात ते कळत नाही. लहान भावाने मोठ्याला लिहिलं तर ते दोघांचं एकच घर असेल, आणि साहेबांना लिहिलं तर साहेबांचं. अशा जागी ‘तुमच्या घरात’ सरळ आणि स्वच्छ.

‘आपण’ची खरी जागा औपचारिक कागदावर आहे. मानपत्र, कार्यालयीन पत्र, लग्नाची पत्रिका. ‘आपण सहकुटुंब उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत’ या वाक्यात ‘आपण’ शोभतं, कारण पत्रिका शंभर घरी जाते आणि तिला सगळ्यांशी एकाच अंतरावरून बोलायचं असतं. शिवाय ‘यावे’, ‘द्यावे’, ‘करावे’ ही रूपं आज्ञा न करता विनंती करतात. ओळखीच्या काकांना मात्र ‘आपणास’ लिहिलं की ते चौकातल्या फलकासारखं वाटतं. वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’ पुरतं, आणि त्यात ऊबही राहते.

मित्राच्या बाबतीत तर ‘तुम्ही’ दुखावू शकतं. ज्याच्याशी आयुष्यभर अरे-तुरे केलं तो मोठ्या पदावर गेला आणि त्याच्या वाढदिवसाला आपण ‘आपणास पुढील वाटचालीस’ असं लिहिलं, तर आपण मैत्री मागे घेतली असं त्याला वाटेल. त्याच्या हाताखालचे लोक वाचणार असतील अशा जागी ‘तुम्ही’ लिहिणं समजण्यासारखं आहे, पण त्याला स्वतंत्रपणे दोन ओळी ‘तू’मध्येही पाठवाव्यात. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येण्याचीही एक रीत आहे. ‘मला अहो-जाहो नको करूस’ हे मोठ्याने म्हणायचं असतं. धाकट्याने आपणहून ‘तू’वर उतरलं तर ते ‘एकेरीवर येणं’ होतं, आणि मराठीत हा शब्दप्रयोग आपण भांडणासाठी राखून ठेवला आहे.

सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही बरोबर असूनही शुभेच्छा चुकते, ती तिच्या दिशेमुळे. काही वाक्यं फक्त मोठ्यांकडून लहानांकडे जातात. ‘मोठा हो’, ‘नाव काढ’, ‘खूप शीक’ यांचं ‘मोठे व्हा, नाव काढा’ असं आदरार्थी रूप व्याकरणात बसतं, पण सत्तरीच्या सरांना ते म्हणता येत नाही. जुन्या पत्रांत ही दिशा मायन्यातच ठरलेली असायची. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, तितक्याच मानाच्या इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, आणि पुढे ‘शिरसाष्टांग नमस्कार’. बरोबरीच्यांना ‘सप्रेम नमस्कार’. लहानांना ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. नमस्कार वर जायचा, आशीर्वाद खाली यायचा. आज तो मायना कुणी लिहीत नाही, पण त्यातलं तत्त्व अजून चालू आहे. मोठ्यांना आपण शुभेच्छा देतो तेव्हा सोबत त्यांच्याकडून काहीतरी मागतो: तुमचे आशीर्वाद असू द्या, तुमचं मार्गदर्शन मिळत राहो.

आता एक मजकूर हातात घेऊन पाहू. मित्राला पाठवलेला संदेश असा आहे:

‘मित्रा, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा! तू असाच हसत राहा. तुझ्या सगळ्या इच्छा पूर्ण होवोत. खूप मोठा हो, नाव काढ. देव तुला उदंड आयुष्य देवो. संध्याकाळी पार्टी दे, विसरू नकोस!’

हाच मजकूर शाळेतल्या बाईंना पाठवायचा आहे. पहिल्या वाक्यात सर्वनाम नाही आणि क्रियापदही नाही, त्यामुळे फक्त हाक बदलायची. ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ हे शब्द प्रत्येक केकवर आणि कार्डावर चालतात ते याच कारणाने. ते कुणालाही लागू पडतात. दुसऱ्या वाक्यात ‘तू’चं ‘तुम्ही’ होतं, ‘असाच’चं ‘अशाच’, आणि ‘राहा’ तसंच राहतं. तिसऱ्यात फक्त ‘तुझ्या’चं ‘तुमच्या’. ‘होवोत’ इच्छांचं आहे, बाईंचं नाही. चौथं वाक्य बदलता येत नाही, ते काढावंच लागतं, कारण त्याची दिशा चुकीची आहे. त्या जागी प्रकृतीविषयी काही म्हणावं आणि आशीर्वाद मागावा. पाचव्यात ‘तुला’चं ‘तुम्हाला’, ‘देवो’ देवाचं म्हणून तसंच. शेवटच्या वाक्यात ‘दे’चं ‘द्या’ आणि ‘नकोस’चं ‘नका’ करून भागत नाही, कारण बाईंकडे पार्टी मागायची नसते. तिथे आपण भेटायला येण्याची परवानगी मागतो. मग मजकूर असा होतो:

‘बाई, वाढदिवसानिमित्त नमस्कार आणि मनापासून शुभेच्छा. तुम्ही अशाच हसत राहा. तुमच्या सगळ्या इच्छा पूर्ण होवोत. तुमची प्रकृती उत्तम राहो आणि देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो. तुमचे आशीर्वाद आमच्या पाठीशी असू द्या. संध्याकाळी भेटायला येऊ का?’

आईला लिहायचं असेल तर याच मजकुरात ‘असू द्या’चं ‘असू दे’ होईल, ‘तुम्ही अशाच’चं ‘तू अशीच’, आणि सर्वनामं पुन्हा ‘तू’वर येतील. नमस्कार आणि आशीर्वादाची मागणी मात्र तशीच राहील, कारण आई ‘तू’ असली तरी मोठीच आहे.

सगळ्या नातेवाइकांना एकत्र लिहायचं असेल, म्हणजे आजोबांपासून भाच्यापर्यंत सगळे एकाच वेळी वाचणार असतील, तर ‘सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा’ हे सगळ्यात सुरक्षित. तिथे ‘तुम्हा सर्वांना’ही चालतं, कारण ते नुसतं अनेकवचन आहे, त्यात मानाचा प्रश्न येत नाही. ‘सगळ्यांनी मजा करा’ असं लिहिलं की आजोबा त्यात मावत नाहीत. त्याऐवजी ‘मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद’ ही जुनी ओळ आजही चोख काम करते.

परदेशात किंवा परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलांची अडचण वेगळी आहे. घरात त्यांच्याशी बोलणारा प्रत्येक मोठा माणूस त्यांना ‘तू’ म्हणतो. ‘तुम्ही’ त्यांच्या कानावर पडतं ते फक्त मोठी माणसं आपापसात बोलतात तेव्हा, आणि अशी माणसं भोवती कमी असली तर तेही पडत नाही. मग ते मूल फोनवर आजोबांना ‘तू कसा आहेस?’ विचारतं आणि त्यात उद्धटपणाचा लवलेश नसतो. आजोबांनी ते मनाला लावून घेऊ नये. आईबाबांनी मात्र फोन हातात देण्याआधी ‘आजोबांना विचार, तुम्ही कसे आहात’ असं पूर्ण वाक्य म्हणून दाखवावं. नियम सांगण्यापेक्षा ऐकलेलं वाक्य मुलं लवकर उचलतात.

यंदा कुणाला शुभेच्छा पाठवाल तेव्हा पाठवण्याआधी मजकूर एकदा मोठ्याने वाचा. सगळी सर्वनामं एकाच अंतरावर आहेत का, बाईमाणसाला ‘अशाच’ लिहिलंय का, आणि कुठलं वाक्य वरून खाली जाणारं तर नाही ना, एवढं पाहा. समोरच्याला तू म्हणावं की तुम्ही अशी शंका आली तर ‘तुम्ही’ लिहा. ‘अरे, मला तू म्हण’ असं सांगायचा हक्क मोठ्यांचा आहे, आणि त्यांनी तसं सांगितलं की मग संकोच न करता ‘तू’ म्हणा.